टोचण्यासाठी बातमी आधी खरी वाटायला हवी

प्रश्न: मी पुण्यात मास कम्युनिकेशनच्या एम.ए.ला आहे. अमेरिकन प्रेक्षक आपापल्या पक्षाकडे झुकलेल्याच वाहिन्या का बघतात, यावर माझ्या डिसर्टेशनमध्ये एक प्रकरण आहे. मी लिहिलं होतं, ‘विरोधी बातमीने कॉग्निटिव्ह डिसोनन्स निर्माण होतो, म्हणून लोक ती टाळतात.’ गाइडनी ‘म्हणून’खाली लाल रेघ मारून नुसतं ‘पुरावा?’ असं लिहिलं. पाठ्यपुस्तकांत तर सरळ असंच दिलंय. मग चुकलं काय?

उत्तर:

रेघ अगदी नेमक्या शब्दाखाली पडली आहे. गाइडना माझा नमस्कार सांगा.

तुमच्या एका वाक्यात तीन वेगवेगळी विधानं दडलेली आहेत. लोक आपल्या बाजूच्या बातमीकडे ओढले जातात, हे पहिलं. समोरच्या बाजूची बातमी टाळतात, हे दुसरं. आणि टाळतात ते डिसोनन्समुळे, म्हणजे मनातल्या दोन गोष्टी जुळत नसल्याच्या बोचणीमुळे, हे तिसरं. पहिल्याला बऱ्यापैकी पुरावा आहे. दुसऱ्याचा पुरावा बराच पातळ आहे. तिसऱ्याच्या बाबतीत तर सत्तर वर्षांत थेट मोजमाप फारच कमी जणांनी केलं, आणि ज्यांनी केलं त्यांच्या हाती वेगळंच काही लागलं. पाठ्यपुस्तकं ही तिन्ही विधानं ‘सिलेक्टिव्ह एक्स्पोजर’, म्हणजे निवडक बघणं-वाचणं, या एकाच पोत्यात भरतात आणि वर ‘डिसोनन्स’ची चिठ्ठी लावतात. पोतं उघडून बघायचं कोणी सांगत नाही.

आधी सिद्धांत मुळात काय म्हणतो ते पाहू, कारण तो सहसा अर्धाच शिकवला जातो. लिऑन फेस्टिंगरने तो १९५७ मध्ये मांडला, आणि त्याला पहिली ठिणगी मिळाली ती आपल्याकडच्या एका अभ्यासातून. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर ज्या भागांत धक्का जाणवला पण पडझड झाली नाही, तिथे अफवा पसरल्या की याहून मोठं संकट येतंय. घाबरलेल्या माणसांनी स्वतःला आणखी घाबरवणाऱ्या अफवा का पसरवाव्यात? फेस्टिंगरचं उत्तर असं की भीती आधीच मनात बसली होती, पण आजूबाजूला तिला शोभेल असं काही दिसत नव्हतं. अफवांनी त्या भीतीला कारण पुरवलं. मनातल्या दोन गोष्टी जुळत नसल्या की अस्वस्थता येते, आणि ती कमी करण्यासाठी माणूस काहीतरी करतो. एवढाच सिद्धांताचा गाभा.

इथे ‘काहीतरी’ या शब्दावर थांबा. मत बदलणं, जुळणारी माहिती शोधणं, न जुळणारी टाळणं, सांगणाऱ्यालाच खोटं ठरवणं, किंवा ‘एवढं काय त्यात’ म्हणून विषयाचं महत्त्व कमी करणं, हे सगळे मार्ग सिद्धांताला मान्य आहेत. टाळणं हा त्यांतला एक. शिवाय हा विसंवाद, म्हणजे डिसोनन्स, मध्यम असेल तेव्हाच माणूस माहिती टाळेल, असं फेस्टिंगरने स्वतः लिहिलं होतं. विसंवाद अगदी कमी असेल तर फरक पडणार नाही, आणि टोकाला गेला तर माणूस उलट विरोधी माहिती शोधेल, म्हणजे एकदाचं मत बदलून मोकळं होता येईल. सिद्धांत म्हणून हे देखणं आहे, पण संशोधकाच्या दृष्टीने डोकेदुखी. विसंवाद किती होता हे वेगळं मोजलं नाही, तर कुठलाही निकाल आला तरी सिद्धांत पास.

त्याच वर्षी झालेला गाड्यांच्या जाहिरातींचा अभ्यास बघा. नुकतीच नवी गाडी घेतलेल्यांना आधीच्या काही आठवड्यांतली मासिकं आणि वर्तमानपत्रं दाखवून विचारलं, यातल्या कुठल्या जाहिराती तुम्ही वाचल्या? आपण घेतलेल्या गाडीच्या जाहिराती लोकांनी जास्त वाचल्या होत्या. पण जी गाडी घ्यायची असं मनात होतं आणि शेवटी सोडून दिली, तिच्या जाहिराती त्यांनी काही टाळल्या नव्हत्या. म्हणजे शोधणं दिसलं, टाळणं दिसलं नाही. हा फरक पहिल्या दिवसापासून समोर होता, आणि पुढची अनेक वर्षं तो गालिच्याखाली सरकवला गेला.

१९६५ आणि १९६७ मध्ये जोनाथन फ्रीडमन आणि डेव्हिड सिअर्स यांनी तोवरचे सगळे प्रयोग एकत्र ठेवले. काहींत लोक आपल्या बाजूचं निवडत होते, काहींत समोरच्या बाजूचं, आणि बऱ्याच ठिकाणी काहीच कल नव्हता. मग प्रत्यक्ष जगात लोक आपल्याच बाजूचं वाचताना दिसतात ते कसं? त्यांनी याला ‘दे फॅक्टो’ निवड म्हटलं, म्हणजे निवड न करताच झालेली निवड. ओहायोतल्या एरी काउंटीत १९४० च्या निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांना दिसलं होतं की पक्के समर्थक आपल्याच पक्षाचा प्रचार जास्त ऐकतात. पण रिपब्लिकन भागात राहणाऱ्या शेतकऱ्याच्या आजूबाजूला रिपब्लिकन शेजारी, रिपब्लिकन झुकावाचं स्थानिक पत्र आणि तसाच रेडिओ असेल, तर त्याने काय टाळलं? तुमच्या घरी जे वर्तमानपत्र येतं ते कोणी निवडलं, हे एकदा आठवून बघा. माझ्या माहेरी जे पत्र येतं ते आजोबांनी लावलं होतं. आजोबा जाऊन बावीस वर्षं झाली, आणि पेपरवाला अजून तेच टाकतो.

केबलच्या बाबतीत तर हे फारच सुरेख दाखवता आलं आहे. अमेरिकेत प्रत्येक गावच्या केबल कंपनीने रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेल्या फॉक्स न्यूजला वेगळा क्रमांक दिलेला असतो, आणि तो देताना गावाचं राजकारण बघितलेलं नसतं. ग्रेगरी मार्टिन आणि अली युरुकोग्लू यांनी २०१७ च्या लेखात दाखवलं की जिथे हा क्रमांक लहान, तिथे लोक फॉक्स जास्त बघतात. नुसत्या क्रमांकामुळे आठवड्याला अडीच मिनिटं जास्त बघणाऱ्यांमध्ये रिपब्लिकन मतांचा वाटा सुमारे ०.३ टक्के-बिंदूंनी वाढलेलाही त्यांना आढळला. रिमोटवर अंगठा आधी कुठे पोचतो यावर वाहिनी ठरत असेल, तर निदान तेवढ्या भागाला मनातल्या बोचणीची गरज नाही.

आता सिद्धांताच्या बाजूचा मला सर्वांत आवडणारा प्रयोग सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी खटला एकाच बाजूने चालवतेय. १९६७ मध्ये टिमथी ब्रॉक आणि ज्यो बलून यांनी विद्यार्थ्यांना टेपवर भाषणं ऐकवली. टेपमध्ये मुद्दाम खरखर घातली होती. समोर एक बटण होतं, ते दाबलं की थोडा वेळ खरखर कमी व्हायची. विद्यार्थ्यांना वाटलं, काम फक्त ऐकायचं आहे. भाषण ‘धूम्रपानाने कॅन्सर होतो’ असं असेल तेव्हा न ओढणाऱ्यांनी बटण जास्त दाबलं. ‘तसा काही संबंध नाही’ असं असेल तेव्हा ओढणाऱ्यांनी जास्त दाबलं. कोणाला ‘तुम्ही काय टाळता’ असं विचारलं नाही. बोट काय करतं ते मोजलं. पद्धत म्हणून हे आजही शिकण्यासारखं आहे.

पण ओढणाऱ्याची परिस्थिती लक्षात घ्या. ‘मी रोज ओढतो’ हे त्याला माहीत आहे, आणि कॅन्सरची गोष्ट बहुधा खरी असावी असंही त्याला आतून वाटतं. दोन्ही गोष्टी त्याच्याच डोक्यात आहेत, म्हणून त्या एकमेकींना घासतात. बातमी बघणाऱ्या पक्षनिष्ठ माणसाची गोष्ट अशीच असते का? माझ्या मते सगळा वाद या प्रश्नावर येऊन थांबतो.

बोस्टनमधला डेमोक्रॅट फॉक्स लावतो, आणि निवेदक बायडेनबद्दल काहीतरी वाईट सांगतो. विसंवाद व्हायचा असेल तर प्रेक्षकाला क्षणभर तरी वाटलं पाहिजे की हे खरं असू शकेल. त्याला तसं वाटलंच नाही, ‘फॉक्स आहे, असंच बोलणार’ म्हणून त्याने ते दारातूनच परत पाठवलं, तर त्याच्या मनात दुसरी गोष्ट शिरलीच नाही. मग पहिली कोणाशी भांडणार? त्याला राग येईल, कंटाळा येईल, हसूही येईल. यातलं काहीच डिसोनन्स नाही.

हे मी स्वतः ठेच खाऊन शिकले. प्रेक्षक-सर्वेक्षणाच्या कामात सुरुवातीच्या वर्षांत मी एका प्रश्नावलीत घातलं होतं, ‘तुमच्या मताविरुद्धची बातमी बघताना अस्वस्थ वाटतं का?’ साताऱ्यातल्या एका घरी सोफ्यावर बसलेल्या काकांनी ‘हो’ म्हटलं, मी खूण केली आणि पुढे निघाले. तेवढ्यात काकू आतून म्हणाल्या, ‘अहो, अस्वस्थ कसले, शिव्या घालतात टीव्हीला!’ काका हसून म्हणाले, ‘मग, खोटं बोलतात तर काय करू?’ माझ्या कागदावर मात्र ते ‘अस्वस्थ’ म्हणून गेले होते. ‘मी चुकलो की काय’ ही बोचणी आणि ‘हे लोक खोटं बोलतात’ हा संताप माझ्या प्रश्नाने एकाच चौकोनात कोंबला होता. सगळी प्रश्नावली नव्याने छापायला पैसे नव्हते, म्हणून तो रकाना अहवालातून काढून टाकावा लागला.

हाच मुद्दा प्रयोगातून पुढे नेणारे दोन अभ्यास तुमच्या प्रकरणात आलेच पाहिजेत.

पहिला शांतो अय्यंगार आणि क्यू हान यांचा, २००९ मधला. त्यांनी खऱ्या वृत्तसेवेतल्या बातम्यांचे मथळे घेतले आणि त्यांच्यापुढे फॉक्स, सीएनएन, एनपीआर रेडिओ किंवा बीबीसी यांची बोधचिन्हं लावली, तीही सोडत काढल्यासारखी. एकच मथळा कोणाला फॉक्सचा म्हणून दिसला, कोणाला सीएनएनचा म्हणून. तुलनेसाठी काही जणांना बोधचिन्हाशिवाय नुसते मथळे दाखवले. मग विचारलं, यातली कुठली बातमी वाचाल? रिपब्लिकन फॉक्सच्या चिन्हाकडे गेले. डेमोक्रॅट फॉक्सपासून लांब राहिले, पण त्यांचं एकच लाडकं घर नव्हतं. ते सीएनएन आणि एनपीआरमध्ये विभागले गेले.

इथपर्यंत डिसोनन्सवाला म्हणेल, बघा, जमलं. पण मथळे फक्त राजकारणाचे नव्हते. गुन्हे होते, प्रवास होता. या हलक्या विषयांतही तोच कल दिसला. राजकीय विषयांइतका तीव्र नसला तरी स्पष्ट.

आता नीट विचार करा. सुट्टीत कुठे फिरायला जावं, या बातमीने रिपब्लिकन माणसाच्या कुठल्या मताला धक्का बसणार? बातमीत टोचण्यासारखं काहीच नाही, तरीही माणूस आपल्या घरच्या चिन्हाकडे वळतो. म्हणजे निवडीच्या क्षणी तो आशय तोलत नव्हता. ‘हे आपल्यातले, यांचं ऐकायला हरकत नाही’ असा नावावरचा भरवसा काम करत होता. आपण बाजारात नेहमीच्या भाजीवालीकडे जातो ते काय शेजारच्या गाड्यावरच्या मेथीने मन दुखावतं म्हणून? सवय असते, ओळख असते, आणि आजवर फसवलं नाही हा अनुभव असतो.

कोणी असंही म्हणेल की प्रवासाच्या बातमीत राजकारण नसलं तरी त्या चिन्हाची धास्ती बसलेली असते, पूर्वीच्या बोचणीची आठवण म्हणून. शक्य आहे. पण मग पूर्वीची बोचणी होती हे दाखवावं लागेल. नुसतं गृहीत धरून चालणार नाही.

दुसरा अभ्यास मिरियम मेट्झगर, ईथन हार्टसेल आणि अँड्र्यू फ्लॅनगिन यांचा, आणि तो तर तुमच्या गाइडच्या लाल रेघेवरच बेतलेला आहे. त्यांनी लोकांना ऑनलाइन बातम्यांचा स्रोत दाखवला. काहींना मताशी जुळणारा, काहींना विरोधी, काहींना समतोल. मग तीन गोष्टी मोजल्या: किती डिसोनन्स वाटला, स्रोत किती विश्वसनीय वाटला, आणि असा स्रोत पुढे निवडाल का. विरोधी स्रोत बघणाऱ्यांना डिसोनन्स किंचित जास्त होता. पण एकूण पातळीच इतकी खाली होती की तिच्यावर टाळण्याचा डोलारा उभा राहीना. विश्वसनीयतेत मात्र ठळक फरक पडला. जुळणारा आणि समतोल, दोन्ही स्रोत लोकांना विरोधी स्रोतापेक्षा जास्त विश्वासार्ह वाटले. समतोल स्रोतही वर राहिला, हे विशेष. लोकांना आपलंच कौतुक ऐकायचं असतं असं असतं, तर समतोल स्रोत मधेच कुठेतरी अडकायला हवा होता. लेखकांनी निष्कर्ष काढला की डिसोनन्सचं स्पष्टीकरण खोडून निघालं, आणि त्याजागी विश्वसनीयता बसते.

मला हा निष्कर्ष बराचसा पटतो, पण ‘खोडून निघालं’ हे जास्त झालं. परीक्षकाने विचारलं तर तुम्हाला सांगता यायला हवं म्हणून दोन हरकती देते.

एक, त्यांनी डिसोनन्स मोजला तो लोकांना विचारून. ‘मला अस्वस्थ, बेचैन वाटलं’ यावर खूण करायची. बोचणी दोन क्षणांत विरली असेल तर प्रश्नावली येईपर्यंत ती उरत नाही. आणि ती विरते कशी? फेस्टिंगरच्या यादीतला मार्ग आठवा: सांगणाऱ्यालाच खोटं ठरवणं. ही दुसरी हरकत, आणि हीच खरी अवघड. ‘हा स्रोत विश्वासार्ह नाही’ हा निवाडा बोचणीच्या आधी आला की बोचणी शमवण्यासाठी काढला? पहिलं असेल तर विश्वसनीयता हे स्वतंत्र कारण आहे. दुसरं असेल तर ती डिसोनन्सचीच राख आहे. एकाच वेळी मोजलेल्या दोन आकड्यांवरून हे सुटत नाही.

सोडवायचं कसं, याची युक्ती १९७४ मध्येच सापडली होती, फक्त बातम्यांवर ती फारशी वापरली गेली नाही. मार्क झॅना आणि जोएल कूपर यांनी लोकांना एक बिनपरिणामाची गोळी दिली. काहींना सांगितलं, हिने थोडा ताण वाटेल. काहींना सांगितलं, हिने शांत वाटेल. मग सगळ्यांकडून त्यांच्याच मताविरुद्ध निबंध लिहून घेतला. ज्यांना ताणाची सूचना होती त्यांनी आपली बेचैनी गोळीच्या खात्यावर टाकली, आणि त्यांचं मत हललं नाही. शांत वाटेल असं सांगितलेल्यांचं मत नेहमीपेक्षा जास्त हललं. म्हणजे बेचैनी खरोखर होती आणि तीच मत हलवत होती. हेच बातम्यांना लावा. फॉक्स टाळणाऱ्या डेमोक्रॅटला बेचैनीसाठी दुसरं कारण हाताशी द्या, खोलीतला उकाडा म्हणा, कानावरचे हेडफोन म्हणा. टाळणं कमी झालं तर डिसोनन्सचा हात आहे. जसंच्या तसं राहिलं तर ते विश्वासाचं किंवा सवयीचं काम आहे. तुम्हाला पीएच.डी. करायची असेल तर विषय आयता आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. मताविरुद्ध निबंध लिहवण्याची ही पद्धत २०२४ मध्ये १९ देशांतल्या ३९ प्रयोगशाळांनी मिळून पुन्हा तपासली. डेव्हिड वैदिस आणि सहकाऱ्यांच्या या मोठ्या प्रयोगात मताविरुद्ध लिहिणाऱ्यांचं मत थोडं हललेलं दिसलं. पण ‘मी हे स्वखुशीने लिहिलं’ असं वाटणाऱ्यांचं मत सक्ती वाटणाऱ्यांपेक्षा जास्त हलायला हवं, हे सिद्धांताचं खास भाकीत मात्र खरं ठरलं नाही. त्यामुळे ‘डिसोनन्स तर सिद्धच झालेला आहे, आता फक्त बातम्यांना लावायचा’ अशा थाटात लिहू नका.

आता फेस्टिंगरच्या बाजूने एक महत्त्वाची गोष्ट. जेरेमी फ्रिमर, लिंडा स्किट्का आणि मॅट मोटिल यांनी २०१७ मध्ये लोकांसमोर पैसे ठेवले. समलिंगी विवाहावर आपल्या बाजूचं मत वाचा, सात डॉलर जिंकायची संधी. समोरच्या बाजूचं वाचा, दहाची. दोन्ही बाजूंच्या सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी जास्तीच्या तीन डॉलरांवर पाणी सोडलं. वाचायला त्रास होईल, चिडचिड होईल, असं त्यांना आधीच वाटत होतं. टाळण्याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही, आणि कारण म्हणून त्रासच पुढे आला. मग मेट्झगर यांना मोजताना डिसोनन्स एवढा कमी का भरला?

चार्ल्स डोरिसन, ज्युलिया मिन्सन आणि टॉड रॉजर्स यांच्या २०१९ च्या अभ्यासात याचं उत्तर असावं असं मला वाटतं. हिलरी क्लिंटन यांच्या मतदारांना त्यांनी विचारलं, ट्रंप यांचं शपथविधीचं भाषण ऐकताना किती वाईट वाटेल? मग ऐकल्यावर किती वाटलं तेही नोंदवलं. अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त होता. आणि ऐकायचं की नाही हे माणूस ठरवतो ते अंदाजावरून, अनुभवावरून नाही. दातांच्या डॉक्टरकडे जाण्याआधीची रात्र आठवा. म्हणजे टाळणं खरं आहे, त्रासाची भीतीही खरी आहे, पण बसून ऐकलं तर तेवढा त्रास होत नाही. तुमच्या वाक्यातलं ‘विरोधी बातमीने डिसोनन्स निर्माण होतो, म्हणून’ इथेच मोडतं. निर्माण होण्याची वेळच येत नाही. ‘होईल असं वाटतं’ एवढंच हाती राहतं, आणि जे वाटतं तेही डिसोनन्स असतं की नुसती चीड, हे वेगळं बघावं लागतं.

हे सगळं प्रयोगशाळेबाहेर कसं दिसतं त्याचाही एक दाखला देते. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कॅला यांनी सप्टेंबर २०२० मध्ये फॉक्सच्या नेहमीच्या प्रेक्षकांतल्या काहींना तासाला पंधरा डॉलर देऊन, आठवड्याला सात तासांपर्यंत, महिनाभर सीएनएन बघायला लावलं. खरंच बघतात का हे कळावं म्हणून त्यांच्या चाचण्या घेतल्या. लोकांनी बघितलं. नव्या गोष्टी शिकले, काही मतं थोडी मऊ झाली, आणि ट्रंप यांचं काही चुकलं तर फॉक्स ते दाखवणार नाही, असं मानणाऱ्यांचं प्रमाणही वाढलं. म्हणजे विरोधी बातमी त्यांच्या डोक्यात शिरू शकत होती. पैसे थांबल्यावर बहुतेक जण परत जुन्या सवयीवर गेले, आणि परिणामही ओसरला.

यावरून डिसोनन्सवाला म्हणेल की बोचणीमुळे परत गेले. मला त्यात सकाळच्या चहाबरोबर ठरलेला क्रमांक लावणारा माणूस जास्त दिसतो. पण या प्रयोगाने मला जास्त महत्त्वाचं शिकवलं ते वेगळंच. फॉक्सच्या प्रेक्षकांनी बऱ्याच गोष्टी टाळलेल्या नव्हत्या. त्या त्यांच्यापर्यंत आल्याच नव्हत्या, कारण वाहिनीने त्या दाखवल्या नव्हत्या. गाळणी स्टुडिओत बसलेली असते, आणि आपण ती प्रेक्षकाच्या डोक्यात शोधत राहतो.

शेवटी मोजमापाबद्दल, कारण तुमच्या प्रकरणातले आकडे बहुतेक सर्वेक्षणातले असणार. ‘गेल्या आठवड्यात कुठली वाहिनी बघितली’ याला माणूस जे उत्तर देतो त्यात त्याची ओळख बोलत असते. मार्कस प्रायर यांनी अमेरिकन लोकांनी सांगितलेलं संध्याकाळच्या बातम्या बघण्याचं प्रमाण टीव्हीला जोडलेल्या मीटरच्या नोंदींशी ताडलं, तर ते सरासरी तिप्पट फुगलेलं निघालं. पक्का रिपब्लिकन ‘मी फॉक्सच बघतो’ म्हणतो तेव्हा तो कदाचित ‘मी रिपब्लिकन आहे’ एवढंच सांगत असतो. मॅथ्यू गेंट्झकाउ आणि जेसी शपिरो यांनी २००९ च्या प्रत्यक्ष नोंदी घेतल्या तेव्हा ऑनलाइन बातम्यांतली वैचारिक फारकत लोकांच्या शेजारीपाजारी आणि मित्रमंडळींमधल्या फारकतीपेक्षा कमी भरली. अँड्र्यू गेस यांच्या ब्राउझिंगच्या अभ्यासातही बहुतेकांचा आहार मिश्र निघाला, आणि टोकाच्या संकेतस्थळांची रहदारी प्रामुख्याने एका छोट्या गटाकडून येत होती. तेव्हा ‘अमेरिकन प्रेक्षक’ असं सरसकट लिहू नका. त्या छोट्या गटाबद्दल लिहिताय की सगळ्यांबद्दल, ते पहिल्याच परिच्छेदात सांगा.

तुमचं वाक्य मी लिहिलं असतं तर असं लिहिलं असतं: ‘राजकारणात पक्के असलेले अमेरिकन प्रेक्षक आपल्या बाजूच्या स्रोतांना मध्यम प्रमाणात प्राधान्य देतात, विरोधी स्रोत टाळण्याचा कल त्याहून कमी दिसतो, आणि या दोन्हींमागे डिसोनन्सपेक्षा स्रोतावरचा विश्वास, सवय, उपलब्धता आणि त्रासाचा फुगवलेला अंदाज यांचा वाटा जास्त असावा असं उपलब्ध पुरावा सुचवतो.’ लांबलचक आहे, मान्य. पण यातल्या प्रत्येक स्वल्पविरामाला वर सांगितलेला एकेक अभ्यास लावता येतो.

आणि स्वतःची प्रश्नावली करणार असाल तर ‘अस्वस्थ वाटतं का’ हा एकच प्रश्न ठेवू नका. त्याचे तीन करा: ‘ही बातमी खरी असण्याची शक्यता किती वाटते?’, ‘बघताना राग आला का?’, ‘आपलं मत पुन्हा तपासावं असं वाटलं का?’ तिन्ही प्रश्न बातमी दाखवल्यावर लगेच विचारा, आणि स्रोतावरचा विश्वास मात्र दाखवायच्या आधी. पहिल्याचं उत्तर ‘अजिबात नाही’ आणि दुसऱ्याचं ‘हो’ असेल, तर तो माणूस डिसोनन्सच्या रकान्यात टाकू नका. माझे साताऱ्याचे काका तसेच चुकीच्या रकान्यात गेले होते.